फुग्याचे चाळीस थर

पंचफुला सोनुनेला राग यायला निमित्त लागत नसे, आणि सकाळी ऑफिसात आल्या आल्या तर तिला ते आयतंच मिळालं. बुलढाण्यात एका खत-बियाण्याच्या दुकानावर वरच्या मजल्यावर दोन खोल्या, तेच त्यांचं ऑफिस. खालून औषधांचा वास वर यायचा आणि वरून यांच्या भांडणाचा आवाज खाली जायचा. तिथे पंचफुला आणि मोतीराम तायडे दोघं मिळून शाळांसाठी आभासी धडे बनवत. डोळ्यांवर हेडसेट चढवला की मूल वर्गातून उठून समुद्राखाली नाहीतर मुंगीच्या बिळात जायचं. मोतीराम वस्तूंना आकार द्यायचा. त्या आकारांवर प्रकाश पडल्यावर ते कसे दिसतील, हे पंचफुला ठरवायची. ज्या छोट्या प्रोग्रॅमने ती ते ठरवायची त्याला शेडर म्हणतात. पडद्यावरच्या एकेका ठिपक्याला तो विचारतो, बाबा रे, बघणाऱ्याची नजर तुझ्यावर किती कलती पडतेय, आणि उत्तरावरून रंग देतो.

दोघांचीही नावं आजी-आजोबांची. पुण्यात नोकरीला असताना पंचफुला म्हटलं की लोक दोनदा विचारायचे, मग हसायचे. तिच्या तिथून परत येण्याला हे एकच कारण नव्हतं, पण यादीत ते होतं. दुसरं आणि मोठं कारण म्हणजे तिची मुलगी सत्यभामा. घरात सगळे तिला भामा म्हणत.

त्या दिवशी सकाळी मोतीराम यायचा होता. तिने लॅपटॉप उघडला आणि सोनकिड्याचा धडा चालू करून पाहिला. पडद्यावर तळहाताएवढा सोनकिडा आला. आला कसला, चमचमत, लखलखत आला. माऊसने जरा फिरवला तर हिरवा, लाल, हिरवा, निळा, पुन्हा लाल, असे पट्टे त्याच्या पाठीवरून सरसर पळाले.

"हा किडा हाय का वरातीतला घोडा!" ती एकटीच ओरडली.

टेबलावर काडेपेटीत तिने खरा सोनकिडा ठेवला होता. बाभळीखाली मेलेला सापडलेला. तो तिने खिडकीच्या उजेडात चिमटीत धरला. समोरून पाहिला तर हिरवागार. हळूहळू कलता केला तर हिरव्याचा निळसर झाला, आणि आणखी कलता केला तर जांभळट. बस. लाल कुठेच नाही. किड्याच्या पाठीवर रंग लावलेला नसतो, एकावर एक अतिशय पातळ थर असतात. प्रकाश थोडा वरच्या थरावरून परततो, थोडा आत जाऊन खालच्या थरावरून. आत जाऊन आलेला जरा जास्त चाललेला असतो. दोघे पुन्हा भेटतात तेव्हा काही रंगांचं जमतं आणि काहींचं फिसकटतं. जमतं तो रंग आपल्याला दिसतो. तिरपं पाहिलं की जमणारा रंग बदलतो, आणि तो निळ्याच्या बाजूलाच सरकतो. साबणाच्या फुग्याचंही तेच, फक्त फुग्याला थर एकच. म्हणून तर तिने दोघांसाठी एकच शेडर लिहिला होता.

मोतीरामने काहीतरी घोळ घातलाय हे उघड होतं. आदल्या दिवशी ती लवकर घरी गेली होती. हेडसेट घेऊन शाळाशाळांतून फिरणाऱ्या विज्ञानगाडीवाल्या संस्थेतून फोन आला होता की किडा जरा जास्त चमकू द्या, पोरांना आवडेल. मोतीराम मागे थांबला होता, आणि सगळं हेडसेटमध्ये भरून त्याने ते गाडीवाल्या उत्तमरावांच्या हवाली केलं होतं.

तिने फाइल उघडली. घोळ शोधायला वेळ लागला नाही. किड्याला चाळीस थर असतात असं मोतीरामने कुठेतरी वाचलं, आणि सरळ थराची जाडी गुणिले चाळीस करून टाकलं. पडद्यावर चमचम वाढली, मग त्याला वाटलं जमलं. थर वाढले की रंग घट्ट होतो, चोख होतो. दोन शेजारच्या थरांमधलं अंतर त्याने वाढत नाही. पंचफुला कपाळावर हात मारून हसली. आल्यावर त्याला कसं झापायचं याची वाक्यं तिच्या मनात तयार होऊ लागली होती.

मग ती हसायची थांबली.

मोतीरामने ही ओळ किड्याच्या खात्यात लिहिली नव्हती. दोघांच्या सामाईक फाइलीत लिहिली होती. आणि फुग्याला थर किती, हे फुग्याच्या खात्यात कुणी भरलेलंच नव्हतं, कारण कालपर्यंत त्याची गरजच नव्हती. कुणी आकडा भरला नाही तर फाइल काय धरते, ते तिने पाहिलं.

चाळीस.

तिने फुग्याचा धडा चालू केला. हा धडा तिने फार मन लावून केला होता. मूल फुग्याच्या आत, बरोबर मधोमध उभं राहतं. मधोमध उभं राहिलं की कुठेही पाहा, वर पाहा, खाली पाहा, नजर फुग्याच्या पडद्यावर सरळच पडते, कलती पडतच नाही. म्हणून सगळीकडे एकच रंग दिसतो. सगळं जग गुलाबी, मग पडदा पातळ होत जाईल तसं हिरवं, मग सोनेरी. शेवटी पडदा इतका पातळ होतो की सगळ्याच रंगांचं फिसकटतं आणि सगळं काळं होतं, आणि फट्. केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाएवढी जाडी, ती सावकाश शून्यावर येते. तेवढ्यात तीन-चारदा रंग फिरतात, सकाळच्या आभाळासारखे निवांत.

आता जाडी चाळीसपट होती आणि वेळ तेवढाच.

लॅपटॉपचा पडदा भडकला. तांबडा, हिरवा, तांबडा, निळा, तांबडा. एका सेकंदात दहा-बारा वेळा तरी. खोलीच्या भिंती त्या उजेडाने थडथडू लागल्या. तिने झटकन लॅपटॉप पालथा घातला आणि टेबलाला धरून उभी राहिली.

खरा फुगा एवढा जाड असता तर असा भडकलाच नसता. खऱ्या प्रकाशात असंख्य रंग असतात, जाड पडद्यात ते सगळे एकमेकांत मिसळून फिक्कट पांढरं दिसतं. पण हेडसेटचा जीव लहान, म्हणून तिचा शेडर तीनच रंगांचा हिशोब करायचा, तांबडा, हिरवा आणि निळा. पातळ पडद्याला ते चालतं, सगळे तसंच करतात. जाड पडद्याला मात्र त्या तिघांना मिसळायला दुसरं कुणी नसतं. ते आपले आळीपाळीने पेटत राहतात.

हे सगळं तिला एका क्षणात कळलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं की विज्ञानगाडी आज देऊळघाटला आहे. देऊळघाट म्हणजे तिचं गाव. तिथल्या शाळेत भामा पाचवीत होती.

भामाला पहिल्यांदा फेफरं आलं ते एका लग्नात, डीजेच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांपुढे. दुसऱ्यांदा मोटरसायकलवर, रस्त्याकडेच्या झाडांमधून ऊन लुकलुकत होतं तेव्हा. अकोल्याच्या डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून डोळ्यांपुढे दिवा चमकावून पाहिला आणि सांगितलं, हिला भराभर उघडझाप करणारा उजेड चालत नाही, त्यातून तांबडा तर अजिबात नाही. गोळ्या चालू झाल्या. तेव्हापासून भामाच्या वाट्याला 'नको' हा एकच शब्द आला. लग्न नको, मिरवणूक नको, जत्रेतला पाळणा नको, टीव्हीजवळ बसणं नको. पोरगी ऐकायची, पण ऐकता ऐकता तिचा चेहरा लहान होत चालला होता, आणि ते पंचफुलाला बघवत नसे.

म्हणून तिने फुगा इतका सावकाश केला होता. रात्री जेवताना तिने स्वतःच भामाला सांगितलं होतं, "उद्या गाडी येईन तुमच्या शाळेत. फुग्यात जाय तू. तो फुगा म्याच केला हाय, तुले काही होत नाही."

भामाने तीनदा विचारलं होतं, "खरंच जाऊ?"

"जाय म्हनलं ना!"

वर्गशिक्षकांनाही तिने फोन करून सांगून ठेवलं होतं की हिला बसू द्या, मी पाहिलंय, धोका नाही.

आता तिने त्यांनाच फोन लावला. लागला नाही. उत्तमरावांना लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मुलं बसवताना उत्तमराव फोन गाडीतच ठेवतात, हे तिला माहीत होतं, आणि तरी ती लावत राहिली. शाळेच्या हेडसरांचा नंबर तिच्याकडे नव्हता. जिन्यात मोतीराम भेटला, हातात गरम कचोरीची पुडी.

"फुलाताई, पाह्यला का किडा? कसा दिसून राह्यला?"

"फुग्याचे थर चाळीस झाले मोतीराम!" ती त्याच्या अंगावरून खाली उतरत ओरडली. "भामा शाळेत हाय! फोन लाव, दिसन त्याले लाव, म्हन हेडसेट बंद करा!"

मोतीरामच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं आणि त्यामागचा माणूस पांढरा पडला. त्याला भामाचं सगळं माहीत होतं. पुडी पायरीवर ठेवून त्याने फोन काढला.

देऊळघाटचा रस्ता तिच्या रोजच्या पायाखालचा. त्या दिवशी तो संपेना. स्कूटी पूर्ण पिळली होती, तरी ट्रॅक्टर आडवे येत होते. कापसाची एक गाडी तर रस्ताभर पसरून चालली होती, तिच्या मागे ती हॉर्न वाजवत राहिली आणि गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली. डोळ्यांपुढे एकच दिसत होतं. भामा हेडसेट लावून उभी आहे. चेहरा झाकलेला. तिला काय होतंय ते बाहेरच्या कुणालाच दिसत नाही. डोळे मिटले तरी तो तांबडा पापण्यांतून आत शिरतो, डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि तिला तर आईने सांगितलंय की काही होत नाही, मग ती काढणारही नाही. चांगली पोर आहे, ऐकणारी. पंचफुलाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपली पोर हट्टी असती तर बरं झालं असतं.

मध्ये थांबून तिने फोन पाहिला. मोतीरामचा निरोप होता, 'कोणीच उचलत नाही ताई. मी पण निघालो.'

शाळेच्या फाटकात गाडी उभी होती. गाडीच्या पत्र्यावर ग्रह-तारे रंगवलेले. फाटकातून दोन पोरं उड्या मारत बाहेर आली. तिने स्कूटी तशीच आडवी टाकली आणि त्यातल्या एकाला दंडाला धरलं.

"फुग्यात गेलता का तू?"

"हाव! लई भारी! डीजेवानी दिसते!"

ती पळत सुटली. व्हरांड्यात चपलांचा ढीग होता, त्याला अडखळली, गुडघा फुटला, उठली. सभागृहाच्या दारात मुलांची गर्दी होती, आणि ती रांगेची गर्दी नव्हती. रांगेतली मुलं पुढे बघतात. ही गोल करून खाली बघत होती. कुणीतरी रडत होतं. उत्तमरावांचा आवाज येत होता, "हटा बे, हवा येऊ द्या! हटा!"

"सरका!" पंचफुला ओरडली. "सरका, माही पोरगी हाय ते!"

मुलं सरकली. आत फरशीवर निळ्या गणवेशातली एक मुलगी आखडून पडली होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, पांढरे मोजे. हात-पाय हिसके देत होते. तोंड पलीकडे होतं. हेडसेट बाजूला पडला होता, आणि त्याच्या आतल्या बाजूला अजून तांबडं-हिरवं फडफडत होतं. पंचफुला गुडघ्यांवर कोसळली, तिने मुलीच्या खांद्याला हात घातला आणि तोंड आपल्याकडे वळवलं.

भामा नव्हती.

आम्रपाली होती, भामाच्या बाकावर शेजारी बसणारी, तिची आमू. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या केसरबाईंची नात.

पंचफुलाच्या तोंडून एक श्वास सुटला. नुसता श्वास नव्हे, त्याला आवाज होता. 'सुटले' असं ती म्हणाली नाही, पण ऐकणाऱ्याला ते ऐकू आलं असतं. तिचे हात आम्रपालीच्या खांद्यावरून उचलले गेले. ती मागे टेकली, आणि त्या क्षणापुरतं तिला जगात कुणाचंच काही देणंघेणं उरलं नाही. आपली पोर नाही. आपली नाही.

"आई."

भामा समोरच उभी होती. भिंतीला चिकटून, दोन्ही हात मागे. ती आईकडेच बघत होती. आईचे हात कसे थांबले, ते तिने पाहिलं होतं.

"आई, तिले कुशीवर कर ना," भामा म्हणाली. "मले करतं तसं."

पंचफुला भानावर आली. आता मात्र तिचे हात चुकले नाहीत. आम्रपालीला तिने डाव्या कुशीवर घेतलं, मानेखाली आपली ओढणी घडी करून सरकवली, गळ्याचं बटण काढलं. उत्तमरावांना म्हणाली, "भाऊ, आधी ते यंत्र बंद करा, अन् एकशे आठले फोन लावा." एक मास्तर चमचा घेऊन आले होते, दातखीळ उघडायला. "तोंडात काही घालू नका सर," ती म्हणाली. "पाणी पन नाही. धरू पन नका. आपोआप थांबते."

तेवढ्यात केसरबाई आल्या. खिचडीच्या चुलीवरून उठून तशाच पळत आलेल्या, हाताला हळद, पदर खोचलेला. एका हातात फोडलेला कांदा आणि दुसऱ्या हातात कुणाची तरी चप्पल. फेफरं आलं की हेच हुंगवायचं, हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही.

"काय झालं माह्या पोरीले? सरका वं! हुंगवा तिले!"

"मावशी, नको," पंचफुलाने त्यांचा हात धरला. "त्यानं काही होत नाही. बसा इथं. तिच्यापाशी बसा. थांबून राह्यलं आता, पाहा."

खरंच थांबत होतं. हिसके कमी कमी होत गेले, मग नुसता श्वास राहिला, घोरल्यासारखा जड. ओठांचा निळेपणा हळूहळू गेला. केसरबाई नातीच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या, हळदीचे पट्टे तिच्या कपाळावर उमटत राहिले. कांदा अजून त्यांच्या मुठीतच होता.

"हिले तं कधीच असं नाही झालं," त्या म्हणत होत्या. "कधीच नाही. कधीच नाही."

"ऊन लागलं असंन मावशी," मास्तर म्हणाले. "सकाळची उपाशी पोरं. चक्कर आली."

"हाव, ऊन लई हाय," आणखी कुणीतरी म्हणालं.

पंचफुलाने ते ऐकलं. तिथे कुणालाच काही माहीत नव्हतं. उत्तमरावांना नाही, मास्तरांना नाही. ऊन म्हटलं असतं तर ऊनच राहिलं असतं. आतून एक आवाज म्हणत होता, गप बस, पोरगी शुद्धीवर येतेय, संध्याकाळी फाइल नीट कर, झालं. तिला त्या आवाजाची भीती वाटली, कारण तो तिचाच होता. आणि भामा अजून बघत होती.

"ऊन नाही मावशी," ती म्हणाली. "आमच्या यंत्रानं झालं. त्याच्यात उजेडाची लुकलुक व्हायले नको होती, आमच्या ऑफिसातल्या चुकीनं झाली. काही काही पोराइले तसा उजेड सोसत नाही, अन् घरच्याइले ते ठाऊकही नसते. दवाखान्यात हेच सांगा, म्हंजे डॉक्टर बरोबर तपासतीन. मी येतो संग."

उत्तमरावांनी हेडसेट उचलला आणि दोन्ही हातांनी असा धरला की जणू तो चावेल.

केसरबाई पंचफुलाकडे बघत होत्या. त्यांना तांबडा-हिरवा, थर, जाडी यातलं काही नको होतं. त्यांनी एकच विचारलं.

"तुले हे मालूम होतं?"

"आत्ता समजलं मावशी. सकाळी. समजलं तशी पयत आलो."

"हं." केसरबाईंनी नातीच्या वेणीची सुटलेली रिबीन बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली. मग भामाकडे पाहिलं. "तुह्या पोरीले बी असंच येते ना?"

"हो."

"मंग तिले काऊन नाही बसवलं?"

पंचफुलालाच ते ठाऊक नव्हतं. तिने भामाकडे पाहिलं.

"माहाच नंबर होता," भामा म्हणाली. "मले भेव वाटलं. आईनं जाय म्हनलं होतं, पन मले भेवच वाटलं. म्हनून म्या आमुले म्हनलं, तू जाय माह्या जागी." आणि ती रडायला लागली, आवाज न करता, नुसते खांदे हलवत.

पंचफुला उठून तिच्याकडे जायला निघाली. तिला म्हणायचं होतं, तुझ्यामुळे नाही बाई, तुझा यात काही दोष नाही. पण केसरबाईंचा आवाज मागून आला, आणि तो चढा नव्हता. चढा असता तर बरं झालं असतं.

"वा वं वा. आईले मालूम, पोरीले मालूम. माह्या पोरीलेच तेवढं मालूम नव्हतं."

"मावशी, तसं नाही. खरंच नाही. म्याच तिले रात्री सांगतलं होतं का जाय..."

बोलता बोलता पंचफुलाला ऐकू आलं की ते कसं वाटतंय. शब्दन् शब्द खरा होता आणि एकही पटण्यासारखा नव्हता. फायली दाखवल्या, मोतीरामला उभं केलं, सकाळचे सगळे फोन दाखवले, तरी केसरबाईंच्या डोळ्यांपुढे राहणार ते एवढंच. हिच्या पोरीला त्रास होता, हिचं यंत्र होतं, हिची पोर बाजूला झाली आणि माझी आत गेली. देऊळघाटात संध्याकाळपर्यंत घरोघर हेच असणार. आणि आपण आम्रपालीचं तोंड बघून मागे टेकलो, हेही त्यांनी पाहिलं असेल का? कांदा घेऊन येताना? तिला विचारायची हिंमत झाली नाही.

बाहेर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला. आम्रपालीने डोळे किलकिले केले आणि आजीला ओळखल्यासारखं केलं. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली. केसरबाई तिच्यासोबत निघाल्या. पंचफुलाही मागे निघाली, पण दाराशी त्या वळल्या आणि त्यांनी हाताने तिला तिथेच थांबवलं.

"तू नको येऊ."

"डॉक्टरले सांगावं लागन मावशी, नेमकं काय..."

"सांगतो मी. उजेडाची लुकलुक. समजलं मले." केसरबाईंनी कांदा दाराबाहेर टाकला आणि हात पदराला पुसला. "तू तुह्या पोरीपाशी थांब. तिले भेव वाटते म्हने."

रुग्णवाहिका गेली. मुलांना वर्गात नेलं. सभागृहात पंचफुला आणि भामा दोघीच उरल्या. पंचफुलाने तिला जवळ ओढलं, आणि भामा आली, पण अंग ताठच राहिलं.

"आई," थोड्या वेळाने ती म्हणाली, "तिच्या जागी मी असती, तं तू हात काढले असते का?"

"नाही," पंचफुला म्हणाली.

भामाने मान हलवली, तिला तेवढंच हवं असल्यासारखी. मग तिने आईचा हात आपल्या खांद्यावरून काढून बाजूला ठेवला आणि दाराकडे बघत राहिली.